टॅरो शिकताना: पाठ केलेला शब्द आणि आतून आलेलं वाक्य

टॅरो शिकायला बसलेली माणसं साधारण दोन तऱ्हांची असतात. पहिल्या तऱ्हेच्या माणसानं सगळ्या ७८ कार्डांचे अर्थ वहीत उतरवून तोंडपाठ केलेले असतात. एक कार्ड उलटलं की उत्तर लगेच येतं, पण तीन कार्डं शेजारी ठेवली की तीन सुटे शब्द हातात उरतात आणि समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं ते कळत नाही. दुसऱ्या तऱ्हेचं माणूस पुस्तक उघडतच नाही, कारण 'मला आतून येतं' यावर त्याचा भरवसा असतो. त्याच कार्डाला ते सोमवारी एक म्हणतं आणि गुरुवारी त्याच्या अगदी उलट म्हणतं, आणि आपण असं म्हटलं होतं हे त्याच्या लक्षातही राहत नाही.

मी या दोन्ही टोकांना राहून आले आहे. खाली लिहिलेली पद्धत त्या येण्याजाण्यातूनच तयार झाली. तिचं सूत्र एवढंच आहे: पाठ केलेला शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला हवा आणि अनुभवानं दुरुस्त होऊ शकेल असा हवा, आणि आतून जे येईल त्याला चित्रात बोट ठेवायला जागा हवी. या दोन्ही गोष्टी सवयीच्या होईपर्यंत तीन-चार महिने जातात.

आधी गड्डी, आणि शब्दांविषयी थोडं

सुरुवातीला एकच गड्डी घ्या, आणि ती रायडर-वेट-स्मिथ किंवा तिच्यावरून काढलेली असू द्या. ही गड्डी १९०९ च्या अखेरीस लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकांनी आणली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आपल्या कामाच्या दृष्टीनं तिची मोठी सोय अशी की साध्या अंकांच्या कार्डांवरही माणसं, घरं, पाणी, हवामान असलेले पूर्ण प्रसंग आहेत. जुन्या मार्सेय धाटणीच्या गड्डीत पेल्यांच्या पंजावर नुसते पाच पेले रचलेले दिसतात. तिथे नजरेला धरायला फारसं काही नसतं, त्यामुळे नवख्या माणसाला सगळा भार पाठांतरावरच टाकावा लागतो.

कीवर्ड, म्हणजे एकेका कार्डाला जोडलेले अर्थाचे शब्द, कुठून आले हेही माहीत असलेलं बरं. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचा पत्त्यांचा डाव होता, आणि तीनशेहून अधिक वर्षं तो प्रामुख्यानं डाव म्हणूनच खेळला गेला. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अलिएत नावाच्या माणसानं आपलं आडनाव उलटं करून 'एटेला' हे नाव घेतलं आणि पत्त्यांच्या अर्थांची पुस्तकं लिहिली. त्याच्या गड्डीत कार्डाच्या वरच्या आणि खालच्या कडेला अर्थाचे शब्द चक्क छापलेले असत: कार्ड सुलटं आलं तर हा, उलटं आलं तर तो. म्हणजे अर्थांच्या याद्या माणसांनी आपापल्या काळात, आपापल्या भाषेत केल्या आहेत. वेट यांनी स्वतः दिलेल्या अर्थांत सिक्स ऑफ स्वोर्ड्सपुढे पाण्यावरचा प्रवास, वाट, दूत असे शब्द येतात. आज शिकवणारे बहुतेक जण त्याच कार्डाला 'अवघड काळातून बाहेर पडणं' म्हणतात. चित्र तेच राहिलं, शब्द सरकला. तुमचाही शब्द सरकेल, आणि तो का सरकला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पहिली पायरी: शब्दाआधी चित्र

गड्डीबरोबर आलेली छोटी पुस्तिका फेकू नका, पण काही दिवस ड्रॉवरमध्ये ठेवा. रोज एक कार्ड काढा, तीन मिनिटं बघा आणि वहीत पाच दिसणाऱ्या गोष्टी लिहा. मी 'दिसणाऱ्या' म्हणतेय. 'दुःख' दिसत नाही. काळा झगा घातलेला, मान खाली घातलेला माणूस दिसतो.

फाइव्ह ऑफ कप्स घ्या. नवीन माणूस साधारण एवढं लिहितो: काळ्या झग्यातला माणूस, तीन पेले कलंडलेले, सांडलेलं काहीतरी. इथे थांबू नका, कारण पाच गोष्टी झालेल्या नाहीत. मग त्याच्या पाठीमागे उभे असलेले दोन पेले दिसतात. मग नदी, नदीवर पूल, पलीकडे किल्ल्यासारखं घर. आता पुस्तिका उघडलीत तर 'नुकसान, शोक, पश्चात्ताप' असं काहीतरी असेल. ते बरोबरच आहे, पण तो शब्द सांडलेल्या तीन पेल्यांपुरता आहे. पूल आणि उभे पेले तुम्ही आधी पाहिले म्हणून तुमच्याकडे आहेत. शब्द आधी वाचला असता तर नजर तिथवर गेलीच नसती. मी हे कित्येकांच्या बाबतीत पाहिलंय: एकदा 'शोक' वाचलं की पूल दिसायचा बंद होतो.

रोज एक या हिशोबानं पूर्ण गड्डीला अकरा आठवडे आणि एक दिवस लागतो. घाई करून दिवसाला पाच कार्डं केलीत तर चित्रं एकमेकांत मिसळतात. तलवारींच्या कार्डांत तर हटकून. उलटी कार्डं या काळात सुलटी करून घ्या. त्यांचा विचार पहिली वही भरल्यावर.

दुसरी पायरी: चाळीस अर्थांऐवजी चौदा शब्द

अंकांची कार्डं चाळीस. त्यांचे चाळीस सुटे अर्थ पाठ केले तर महिन्याभरात निम्मे गळून जातात. त्याऐवजी काठ्या, पेले, तलवारी, नाणी या चार रंगांना एकेक आणि दहा अंकांना एकेक शब्द ठरवा. वाँड्स म्हणजे धग, काम करायची खुमखुमी. कप्स म्हणजे जीव लावणं. स्वोर्ड्स म्हणजे डोकं, विचार, बोलणं. पेंटॅकल्स म्हणजे पैसा, शरीर, घर. अंकांसाठी माझे शब्द असे आहेत: एक्का बीज, दोन निवड, तीन पहिला कोंब, चार टेकणं, पाच बिघाड, सहा सावरणं, सात थांबून पारखणं, आठ राबणं, नऊ जवळपास भरलेलं, दहा काठोकाठ.

आता फाइव्ह ऑफ कप्स विसरलात तरी 'जीव लावण्यातला बिघाड' एवढं तुम्ही बसल्या जागी जुळवू शकता. सिक्स ऑफ स्वोर्ड्स म्हणजे 'डोकं सावरणं'. एट ऑफ पेंटॅकल्स म्हणजे 'पैशासाठी, पोटासाठी राबणं', आणि चित्रात खरोखरच एक कारागीर बाकावर बसून छिन्नी-हातोडीनं नाणं घडवतोय.

ही जुळणी सगळीकडे बसत नाही, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. थ्री ऑफ स्वोर्ड्स म्हणजे जुळणीनं 'विचाराचा पहिला कोंब'. चित्रात मात्र पावसात एक हृदय आणि त्यात आरपार तीन तलवारी. (पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सोला बुस्का या इटालियन गड्डीतही हीच खूण आहे, म्हणजे हे चित्र बरंच जुनं.) अशा ठिकाणी चित्राचं ऐका आणि जुळणी सोडा. माझ्या वहीत चाळीसपैकी सहा कार्डांपुढे 'जुळत नाही, चित्र बघ' असं लिहिलेलं आहे. तुमची सहा वेगळी असतील.

उरलेल्या ३८ कार्डांपैकी सोळा राजघराण्याची: पेज, नाइट, क्वीन, किंग. त्यांना सुरुवातीला 'या रंगाचा कसा माणूस' एवढाच प्रश्न विचारा आणि पुढे चला. ती सगळ्यांनाच उशिरा समजतात. कुठल्याच रंगात न बसणाऱ्या, स्वतःचं नाव असलेल्या बावीस मेजर अर्काना कार्डांना मात्र वेळ द्या, कारण तिथे आपल्याला भाषेची अडचण येते.

तिसरी पायरी: कीवर्ड स्वतःच्या मराठीत

बहुतेक मराठी शिकणारे कीवर्ड इंग्रजीत पाठ करतात आणि रीडिंगच्या वेळी, म्हणजे कुणाच्या प्रश्नासाठी कार्डं वाचताना, मनात भाषांतर करतात. त्या अर्ध्या क्षणात आतून येणारं सगळं पळून जातं. शिवाय शब्दकोशातला मराठी शब्द पुष्कळदा चित्रापासून दूर नेतो.

टेम्परन्सचं उदाहरण देते. शब्दकोश म्हणतो 'संयम'. संयम म्हटलं की आपल्याला उपास, तोंडावर ताबा, राग गिळणं आठवतं. चित्रात यातलं काहीच नाही. पंख असलेला देवदूत एक पाय पाण्यात आणि एक काठावर ठेवून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततोय. पहिलं वर्षभर मी लोकांना 'संयम ठेवा' म्हणत राहिले आणि ते वाक्य दर वेळी कोरडंच पडायचं. मग एक दिवस आमटीत चिंच-गूळ घालताना माझा हात थांबला. थोडी चिंच, चव, थोडा गूळ, पुन्हा चव. ते कार्ड हेच सांगतंय. तेव्हापासून माझ्या वहीत टेम्परन्सपुढे 'बेतानं मिसळणं' असं आहे. आता ते कार्ड नोकरीच्या प्रश्नात आलं की मी विचारते, 'दोन गोष्टी एकत्र करताय का, आणि कुठली जास्त पडतेय?' आणि समोरच्याकडे बहुतेक वेळा काहीतरी उत्तर असतं.

जजमेंटचंही तसंच. 'निर्णय' म्हणून ते पाठ करणारे खूप आहेत. चित्रात देवदूत कर्णा वाजवतोय आणि शवपेट्यांतून माणसं हात वर करून उठतायत. ख्रिस्ती परंपरेतला शेवटचा दिवस आहे तो. इथे निर्णय माणूस घेत नाही, त्याला हाक येते. माझा शब्द 'हाक'. द फूलला 'मूर्ख' म्हणू नका. कड्याच्या टोकाशी आभाळाकडे बघत उभ्या असलेल्या, खांद्यावरच्या काठीला गाठोडं लावलेल्या त्या पोराला मी 'बिनघोर' म्हणते.

शब्द शोधायची कसोटी सोपी आहे. तो शब्द तुम्ही गेल्या आठवड्यात घरात कुणाशी बोलताना वापरला असता का? वापरला नसता तर दुसरा शोधा. आणि एका कार्डाला एकच शब्द. पुस्तिकेतले सात-आठ शब्द जवळ ठेवले की आपण प्रश्नाला सोयीचा तेवढा उचलतो, आणि मग कार्डानं काही सांगितलं असं राहतच नाही.

चौथी पायरी: बोट ठेवणं

आता प्रत्यक्ष रीडिंग. कार्ड उलटल्यावर पहिले दहा सेकंद काही बोलू नका. नजर आपोआप कुठे गेली ते पकडा. एट ऑफ कप्समध्ये कुणाची नजर लाल झग्यात पाठमोऱ्या निघालेल्या माणसावर जाते, कुणाची वरच्या चंद्रावर, आणि कुणाची पेल्यांच्या वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर. ही पहिली नजर, माझ्या मते, इंट्युशनचा सगळ्यात भरवशाचा भाग आहे, कारण तिच्यावर अजून तुमच्या विचारांचं ओझं पडलेलं नसतं.

मग तुमचा शब्द मनात म्हणा. मग शब्द आणि नजर मिळून एक वाक्य करा, आणि ते वाक्य विचारलेल्या प्रश्नाला लागतं का ते बघा.

याच वेळी मनात आणखी काहीतरी येऊ शकतं: एखादी भीती, एखादं नाव, 'हे लग्न टिकणार नाही' असं एखादं पूर्ण वाक्य. ते आलं की स्वतःला विचारा, 'चित्रात यासाठी बोट कुठे ठेवू?' बोट ठेवता आलं तर बोला. ठेवता आलं नाही तर वहीत कंस करून लिहा आणि तोंडातून काढू नका. कंसातलं कधीकधी खरं निघतं, मी नाकारत नाही. पण ते कार्डातून आलं नाही, तुमच्यातून आलं. आणि समोरच्या माणसानं तुम्हाला कार्डं वाचायला सांगितलेलं असतं.

एक रीडिंग, सुरुवातीपासून

डोंबिवलीत आमच्या इमारतीत एक बाई घरून डबे देतात. सकाळी बावीस, संध्याकाळी चौदा. एका रविवारी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, 'ताई, खालचा गाळा भाड्यानं मिळतोय. घेऊ का? कार्डं काढून बघता?'

'घेऊ का' या प्रश्नाला कार्डं हो-नाही देत नाहीत, निदान माझी देत नाहीत. म्हणून आम्ही दोघींनी मिळून तीन जागा ठरवल्या: आत्ता काय चाललंय, कुठे अडतंय, पुढचं पाऊल कसं टाकावं. कार्डं आली टेन ऑफ वाँड्स, फोर ऑफ पेंटॅकल्स आणि सिक्स ऑफ स्वोर्ड्स.

नुसत्या कीवर्डनं वाचलं असतं तर असं झालं असतं: ओझं, कंजूषपणा, प्रवास. यातून 'तुम्ही दमलात, पैशाला चिकटून बसलात, कुठेतरी जाऊन या' असं काहीतरी निघालं असतं. दमल्याचं त्यांना माहीतच होतं, आणि बाकीचं लागू नव्हतं.

टेन ऑफ वाँड्समध्ये माझी नजर गेली ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर, किंवा चेहरा दिसत नाही यावर. दहा काठ्या त्यानं अशा कवेत घेतल्यायत की तोंड त्यांच्यातच खुपसलंय. समोर घरं दिसतायत, आपल्याला दिसतायत, त्याला नाही. शब्द 'काठोकाठ धग', आणि नजरेनं सांगितलं 'समोरचं दिसत नाही'. मी म्हटलं, 'काम एवढं अंगावर आहे की पुढचा विचार करायला मान वर करता येत नाहीये, असं दिसतंय.' त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'हिशोब लिहायला बसते आणि पोळपाट हातात येतं.'

फोर ऑफ पेंटॅकल्सला तेव्हा माझ्या वहीत 'कवटाळणं' असा शब्द होता. डोक्यावरच्या मुकुटावर एक नाणं, एक छातीशी धरलेलं, दोन पायांखाली. माझी नजर पायांवर गेली: हा माणूस उठला तर दोन्ही नाणी सुटणार. मी म्हटलं, 'साठवलेलं हातचं जाईल या भीतीनं तुम्ही जागच्या हलत नाही आहात.' त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'भीती नाही हो. ते पैसे जूनमध्ये लेकाच्या अ‍ॅडमिशनला लागणार आहेत. त्यांना हातच लावायचा नाही, असं मी आणि ह्यांनी ठरवलंय.'

इथे माझं चुकलं. चित्रात पाय धरून ठेवलेले आहेत एवढंच दिसत होतं. भीती मी शब्दातून आणली, कारण 'कवटाळणं' या शब्दात आधीच दोष लपलेला आहे. बोट नाण्यावर होतं, पण वाक्याचा अर्धा भाग बोटाबाहेरचा होता.

सिक्स ऑफ स्वोर्ड्सच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. कार्ड दिसताक्षणी माझ्या मनात वाक्य आलं, 'इथून निघा. ही जागा सोडा.' अगदी ठाम. मी बोट ठेवायला गेले. होडीत पाठमोरी बाई आहे, शेजारी मूल आहे, पलीकडे काठ आहे, म्हणजे 'निघणं' आहेच. पण 'ही जागा सोडा' हे मला कुठेच सापडेना. ते मी कंसात लिहिलं आणि पुन्हा बघितलं. या वेळी नजर मागे उभ्या माणसावर गेली. होडी तो हाकतोय, हातात लांब काठी घेऊन. बाई बसलेली आहे. आणि होडीच्या एका बाजूचं पाणी लाटांचं, दुसऱ्या बाजूचं संथ. शब्द 'डोकं सावरणं'. मी म्हटलं, 'पुढच्या टप्प्यात काठी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. सगळं तुम्हीच वल्हवताय असं नाहीये यात.'

त्या बराच वेळ त्या कार्डाकडे बघत होत्या. पहिलं कार्ड आणि तिसरं कार्ड त्यांनीच बोटानं जवळ सरकवलं. 'म्हणजे गाळ्याआधी माणूस,' असं त्या म्हणाल्या. हे वाक्य माझं नव्हतं. तीन जागा, तीन दिसणाऱ्या गोष्टी समोर ठेवल्यावर त्यांनी ते जुळवलं. पंधरा दिवसांनी पोळ्यांना एक मदतनीस आली. गाळ्याचा विचार जूननंतर करू म्हणाल्या.

पाचवी पायरी: वही, दोन रकाने आणि कंस

त्या रात्री मी वहीत लिहिलं ते असं. वर तारीख आणि प्रश्न त्यांच्याच शब्दांत. डाव्या रकान्यात प्रत्येक कार्डाचा पाठ शब्द. उजव्यात नजर कुठे गेली आणि मी काय बोलले. खाली कंसात जे बोलले नाही ते. दीड महिन्यानं त्या भेटल्या तेव्हा लाल पेनानं शेरे मारले: टेन ऑफ वाँड्स लागलं, फोर ऑफ पेंटॅकल्स अर्धं चुकलं, सिक्स ऑफ स्वोर्ड्स लागलं, कंस चुकला.

कंसामुळे मी मागची पानं चाळली. तीन महिन्यांत सिक्स ऑफ स्वोर्ड्स पाच वेळा आलं होतं, आणि पाचही वेळा माझ्या कंसात किंवा बोलण्यात 'जागा सोडणं' होतं. एक प्रश्न तर परीक्षेचा होता. त्या वर्षी आम्ही स्वतः जुनं घर विकून इथे आलो होतो, आणि ते मला जड गेलं होतं. होडीतली ती बाई माझ्यासाठी मीच होते. आतून येतं म्हणून मी जे इतक्या विश्वासानं सांगत होते, ते माझं सामान हलवणं होतं.

खरी नजर आणि अशी उसनी भावना यांत फरक ओळखायच्या ज्या खुणा माझ्या वहीतून मला सापडल्या, त्या सांगते. उसनी भावना कार्ड नीट दिसायच्या आधीच येते. वेगवेगळ्या माणसांच्या प्रश्नांना ती एकच उत्तर देते. ती बहुधा आज्ञा असते, 'सोडा', 'थांबा', 'विश्वास ठेवू नका' अशी. आणि ती आली की आपल्या छातीत काहीतरी घट्ट होतं, कारण ती आपली असते. खरी नजर त्या मानानं साधी असते: 'इथे काठी दुसऱ्याच्या हातात आहे.' तिच्यात जोर नसतो, त्यामुळे नवखा माणूस तिला इंट्युशन मानतच नाही आणि जोरदार वाक्याची वाट बघत राहतो.

आणखी एक उसनी गोष्ट म्हणजे माहिती. समोरच्या माणसाचं आपल्याला आधीच काही कानावर आलेलं असतं आणि ते कार्डात 'दिसतं'. शेजारी, नातेवाईक यांची रीडिंग म्हणूनच सुरुवातीला जड जातात. माहीत असलेली गोष्ट आधीच वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून टाका. लिहिली की ती कार्डाच्या तोंडून बोलायची थांबते.

सहावी पायरी: शब्द बदलायचा केव्हा

एका रीडिंगमध्ये शब्द चुकला म्हणून लगेच बदलू नका. फोर ऑफ पेंटॅकल्सच्या 'कवटाळणं' शेजारी मी त्या रात्री पेन्सिलनं 'राखून ठेवणं' लिहिलं. त्यानंतर ते कार्ड एका निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नात आलं, तिथे 'राखून ठेवणं' लागलं. मग एका मैत्रिणीच्या भावाशी चाललेल्या वादात आलं, आणि तिथे जुना शब्दच लागला, तिनं स्वतःच 'मी धरून बसलेय' म्हटलं. तिसऱ्यांदा पुन्हा 'राखून ठेवणं'. तेव्हा मी दोन्हींना पुरेल असा शब्द शोधला आणि पेनानं लिहिला: 'मूठ'. मूठ जपूनही धरता येते आणि हट्टानंही. कुठली, ते आता शेजारचं कार्ड आणि समोरचा माणूस ठरवतो.

माझा नियम तीन नोंदींचा आहे. तीन वेळा वेगळ्या माणसांच्या प्रश्नांत पेन्सिलचा शब्द तपासून झाला की मगच पेन. दीडेक वर्षात माझ्या गड्डीतल्या एकोणीस कार्डांचे शब्द असे बदलले. बाकीचे सुरुवातीला ठरवले तेच आहेत, आणि ते तसेच राहिले याचंही मला बरं वाटतं. निदान तेवढे पहिल्या दिवसापासून चित्राला धरून होते.

एक सावधगिरी. आजार काय आहे, कोर्टाचा निकाल काय लागेल, हरवलेला माणूस कुठे आहे, हे प्रश्न या पद्धतीत घेऊ नका. तिथे चित्रात बोट ठेवून सांगता येईल असं काही नसतं, आणि समोरचा माणूस इतका घाबरलेला असतो की तुमचं कंसातलं वाक्यही तो खरं धरून चालतो. तसंच 'माझा नवरा काय विचार करतोय' असा हजर नसलेल्या माणसाचा प्रश्न आला तर तो फिरवून घ्या: 'मी त्याच्याशी कसं बोलू?' त्याला कार्डं उत्तर देऊ शकतात, कारण विचारणारी तुमच्यासमोर बसलेली असते आणि तुमचं वाक्य चुकलं तर तिथल्या तिथे सांगू शकते, जसं डबेवाल्या बाईंनी मला सांगितलं.

सिक्स ऑफ स्वोर्ड्ससाठी मी वहीत अजून एक सोय केली आहे. त्याच्या पानावर वर मोठ्या अक्षरात 'आधी होडी हाकणाऱ्याकडे बघ' असं लिहिलंय. ते कार्ड आलं की मी नजर मुद्दाम तिथून सुरू करते आणि मग बाईकडे येते. सहा-सात वेळा असं केल्यावर गेल्या महिन्यात ते पुन्हा आलं, एका मुलीच्या कॉलेज बदलण्याच्या प्रश्नात, आणि नजर आपसूक होडीतल्या मुलावर गेली. त्याच्याकडे मी याआधी कधी बघितलंच नव्हतं.